ए-२ पूर्ण छपाई, ए-२ समासासह की २४×३६ इंच? प्रॉम्प्टच्या आधी ठरवायचं कोडं

एआयकडून चित्र बनवून त्याचं पोस्टर छापायचं असेल, तर बहुतेक जण आधी चित्र आवडेपर्यंत प्रॉम्प्ट बदलत बसतात आणि मग ते कुठल्या कागदावर बसेल ते बघतात. क्रम उलटा हवा. चित्राची उंची-रुंदी, कडेला सोडायची जागा आणि विषय चित्रात कुठे उभा राहणार हे सगळं कागद ठरवतो, आणि यातलं बरंच काही प्रॉम्प्टमध्येच लिहावं लागतं.

एक ठोस उदाहरण घेऊ. कड्यावर उभं दीपगृह, मागे संध्याकाळचं आकाश, वर कार्यक्रमाचं नाव. चित्र बनवणारं साधन उभं चित्र १०२४×१५३६ पिक्सेलचं देतं, म्हणजे २:३ प्रमाणात. ते अपस्केल केलं, म्हणजे सॉफ्टवेअरने त्याची रुंदी आणि उंची चौपट वाढवली, की ४०९६×६१४४ पिक्सेल होतात. आता हेच चित्र तीन प्रकारे छापता येईल.

| | ए-२, काठापर्यंत | ए-२, ३६ मिमी पांढरा समास | २४×३६ इंच, काठापर्यंत |
|---|---|---|---|
| चित्राचा आकार | ४२६×६०० मिमी (ब्लीडसह) | ३४८×५२२ मिमी | २४.२५×३६.२५ इंच (ब्लीडसह) |
| दर इंचाला पिक्सेल | सुमारे २४४ | सुमारे २९९ | सुमारे १६९ |
| प्रमाण जुळवताना जाणारी उंची | सुमारे ६ टक्के | काहीच नाही | नगण्य |

काठापर्यंत छपाई म्हणजे रंग थेट कागदाच्या कडेला भिडलेला. कागद कापताना पातं मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकतंच, म्हणून चित्र कापाच्या रेषेबाहेर सगळीकडून साधारण ३ मिमी वाढवून द्यावं लागतं. हेच ब्लीड. ते नसेल तर गडद आकाशाच्या कडेला पांढरी चीर दिसते, आणि एकदा दिसली की नजर तिथेच अडकते. ए-२ चा कागद ४२०×५९४ मिमीचा, म्हणून ब्लीड धरून ४२६×६००.

खरी अडचण पुढे आहे. २:३ चं चित्र ४२६ मिमी रुंद केलं की त्याची उंची ६३९ मिमी होते, आणि आपल्याला हवी ६००. म्हणजे ३९ मिमी कुठून तरी छाटायचेच. वरून-खालून सारखे छाटले तर प्रत्येकी साडेएकोणीस. त्यात ब्लीडचे ३ आणि महत्त्वाचं काही काठापासून आत ठेवण्यासाठी १० मिमी मिळवा: वरच्या टोकाचे साडेबत्तीस मिमी, म्हणजे मूळ चित्राच्या उंचीचे ५ टक्के, विषयासाठी वापरताच येत नाहीत. दीपगृहाचा दिवा त्या पट्ट्यात असेल तर तो कापला तरी जाईल किंवा काठाला चिकटेल. साधनाला फ्रेम भरून टाकायची सवय असते, त्यामुळे हे अगदी सहज घडतं. म्हणून या पर्यायासाठी प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहावं: ‘दीपगृह चित्राच्या खालच्या दोन-तृतीयांशात, टोकाच्या वर भरपूर मोकळं आकाश, चारही कडांशी फक्त आकाश, खडक आणि पाणी.’ थोडक्यात, कडेला जे येईल ते कापलं गेलं तरी चालेल असंच असायला हवं.

समासाच्या पर्यायात हा सगळा हिशेब नाहीसा होतो. ए-२ मधून चारही बाजूंनी ३६ मिमी वजा केले की ३४८×५२२ उरतात, आणि हे प्रमाण बरोबर २:३ आहे. चित्रातलं काही छाटावं लागत नाही, ब्लीड लागत नाही, वर पिक्सेलही दाट बसतात. ए-३ साठी हाच आकडा साडेपंचवीस मिमी येतो. माझा कल उघडच याच पर्यायाकडे आहे, निदान पहिल्या पोस्टरसाठी. फक्त समास कंजूषपणे ठेवू नका. कटिंग १ मिमी सरकलं तर एका बाजूला ३७ आणि दुसऱ्या बाजूला ३५ उरतात, ते कुणाला कळणार नाही. ६ मिमीच्या बारीक पट्टीत मात्र ७ आणि ५ उरतात आणि पोस्टर तिरकं दिसतं.

हा समास साधनाकडून काढून घेऊ नये, तो पानाच्या मांडणीत सोडावा. प्रॉम्प्टमध्ये ‘पोस्टर’ शब्द टाकला की कधी चौकट काढली जाते, कधी भिंतीवर टांगलेल्या पोस्टरचं चित्र मिळतं, कधी वाचता न येणारी अक्षरं उमटतात. फक्त दृश्याचं वर्णन करा, ‘चित्र चारही कडांपर्यंत भरलेलं, चौकट नाही, अक्षरं नाहीत’ असं जोडा, आणि कार्यक्रमाचं नाव नंतर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या फाँटात टाका. तिथली अक्षरं कितीही मोठी केली तरी धारदार राहतात.

तिसरा पर्याय आकड्यांत कमकुवत वाटतो, पण मोठं पोस्टर कुणी नाकाजवळ धरून वाचत नाही. साधारण नजरेला ३० सेंटिमीटरवरून इंचाला २९० च्या आसपास पिक्सेल वेगळे ओळखता येतात, ६० सेंटिमीटरवरून १४६ आणि मीटरभरावरून ८७. त्यामुळे मार्गिकेच्या टोकाला किंवा सभागृहाच्या भिंतीवर १६९ पुरेसे आहेत. टेबलाजवळ लागणार असेल तर नाहीत.

पण एक मेख आहे. ते १६९ अपस्केलरने भरलेले आहेत. मूळ १०२४ पिक्सेल सव्वाचोवीस इंचांवर पसरले तर इंचाला फक्त ४२ पडतात, बाकीचा तपशील अंदाजाने रंगवलेला. आकाश, धुकं, पाणी यांत तो खपून जातो. जिन्याचा कठडा, विटांचे थर, दूरवरच्या बोटीचे दोर यांत मात्र रेषा वाकतात, एकच पोत परत परत दिसू लागतो. म्हणून २४×३६ साठी मोठ्या सपाट छटा आणि एकच ठळक आकृती असं दृश्य मागावं. प्रॉम्प्टमध्ये ‘३०० डीपीआय’ लिहिल्याने मिळणाऱ्या पिक्सेलची संख्या वाढत नाही. ती साधनाच्या सेटिंगमधून ठरते.

खात्री करायला अख्खं पोस्टर छापायची गरज नाही. अपस्केल केलेल्या फाइलमधून सगळ्यात बारीक तपशिलाचा ए-४ एवढा तुकडा, शेवटच्या छपाईत जेवढा येईल त्याच मापात, साध्या प्रिंटरवर काढा. ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर माप बदलेल. तुकडा भिंतीला लावून प्रेक्षक उभे राहतील तितक्या अंतरावरून बघा. कठडा तिथून वाकडा दिसला तर आकार ए-२ वर आणा किंवा कठडा नसलेलं दृश्य मागा.

समासाचा पर्याय निवडून समास पांढऱ्याऐवजी रंगीत हवा असेल, तर तो रंग कापाच्या रेषेबाहेर ३ मिमी न्यावा लागतो. तेव्हा पान पुन्हा ४२६×६०० चं करायचं. चित्र मात्र ३४८×५२२ वरच राहतं.