ऊन, कोरडे महिने की काळ: निबंध कशाभोवती बांधावा?

सोलापूर १७.७ अंश उत्तरेला आहे आणि महाबळेश्वर १७.९ अंशांवर, म्हणजे अक्षांश जवळपास एकच. आपल्याकडे सोलापुरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडे साडेपाच हजारांच्याही पुढे. आपल्याकडे बाभळी, बोरी आणि नान्नजची गवताळ माळरानं, तिकडे अंजनी, जांभूळ, पिसा यांचं सदाहरित जंगल. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाताना प्रजाती का कमी होतात यावर लिहायला बसण्याआधी ही जोडी डोळ्यांसमोर ठेवावी. अक्षांश स्वतः काहीच करत नाही, त्याच्याबरोबर बदलणाऱ्या गोष्टी करतात.

मागच्या आठवड्यात एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी विचारत होती, "सर, आढावा-निबंधाला ऊर्जा घेऊ का? त्यावर पेपर सगळ्यात जास्त आहेत." हे कारण मला पटलं नाही, पण प्रश्न रास्त होता. स्पर्धेत मुख्य तीन गृहीतकं आहेत: ऊर्जा, हवामानाचं स्थैर्य आणि उत्क्रांतीला मिळालेला काळ. तिला नुसतं जगाबद्दल नाही, सह्याद्रीबद्दल लिहायचंय. तिथेही दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना सदाहरित झाडांच्या प्रजाती घटत जातात. मग याच उतरणीवर तिघांना तपासू.

ऊर्जेचा युक्तिवाद सोपा आहे. जास्त ऊन, जास्त वाढ, म्हणून जास्त जीव आणि त्यांत जास्त प्रजाती. पण ऊर्जा म्हणजे नुसती उष्णता धरली तर मे महिन्यात बेचाळीस अंशांत भाजणारं सोलापूर महाबळेश्वरपेक्षा समृद्ध असायला हवं. म्हणूनच या गटातले अभ्यासक उष्णता आणि पाणी एकत्र मोजतात. त्यासाठी ते प्रत्यक्ष बाष्पोत्सर्जन हे माप वापरतात, म्हणजे जमिनीतून आणि पानांतून खरोखर किती पाणी हवेत गेलं ते. २००३ मध्ये हॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी ८५ उदाहरणं एकत्र तपासली. बहुतेक ठिकाणी ऊर्जा आणि पाण्याचीच मापं प्रजातींच्या संख्येशी सगळ्यात घट्ट जुळली. थंड प्रदेशात उष्णता कमी पडते, उष्ण प्रदेशात पाणी. आपल्या जोडीचा उलगडा यात होतो.

अडचण पुढे आहे. नकाशावर दोन आकडे जुळले म्हणजे कारण कळलं असं होत नाही. जास्त ऊर्जेमुळे जास्त झाडं उभी राहतील, हे मान्य. पण ती शंभर प्रजातींची का असावीत, पाचच प्रजातींची का नाहीत, याचं उत्तर ऊर्जेजवळ नाही. शिवाय उष्णता आणि पाणी सारखं असूनही आकडे वेगळे निघतात. लॅथम आणि रिकलेफ्स यांनी १९९३ मध्ये समशीतोष्ण, दमट जंगलांतल्या झाडांची तुलना केली. पूर्व आशियात ७२९ प्रजाती निघाल्या, पूर्व उत्तर अमेरिकेत २५३ आणि युरोपात १२४. हवामान बरंचसं सारखं, तरी सहापटीचा फरक. हिमयुगात युरोपातल्या झाडांना दक्षिणेला सरकायचं होतं, पण वाटेत आल्प्स आणि भूमध्य समुद्र आडवे आले. तिथून मॅग्नोलियासारखी झाडं नाहीशी झाली, आशियात ती टिकली. ऊर्जेचं समीकरण हा इतिहास पाहूच शकत नाही.

स्थैर्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण गोंधळही इथेच सगळ्यात जास्त होतो. हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. पहिली, वर्षभरातला चढउतार: कोरडे महिने किती, हिवाळा-उन्हाळ्यात किती अंतर. दुसरी, हजारो-लाखो वर्षांत हवामान किती हललं. ही दुसरी काळाच्या गृहीतकाला इतकी चिकटते की दोघांना वेगळं मोजणं अवघड जातं. निबंधाच्या पहिल्याच पानावर आपण कोणतं स्थैर्य म्हणतो ते लिहून टाकावं. न लिहिल्यामुळे गाळात गेलेले निबंध मी पाहिलेत.

पहिल्या अर्थाचा पाया जान्झेननं १९६७ मध्ये घातला. वर्षभर तापमान फारसं हलत नाही तिथल्या जीवांना मोठा चढउतार सोसायची सवयच लागत नाही. त्यांची सहनशक्ती अरुंद राहते, पसारा लहान राहतो, आणि त्याच भूभागात जास्त प्रजाती शेजारी-शेजारी मावतात. सह्याद्रीत तापमानाच्या जागी पाणी घाला. दक्षिण केरळात कोरडे महिने दोन-तीन असतात. महाबळेश्वरला पाऊस धो-धो, पण तो जूनमध्ये येतो, ऑक्टोबरच्या सुमारास आटोपतो आणि पुढे सात-आठ महिने कोरडे. एकूण पावसाचा आकडा पाहिला तर उत्तर सह्याद्री गरीब नाही. गरीब आहे ते पावसाचं वर्षभरातलं वाटप. इथे ऊर्जा-पाण्याचा वार्षिक हिशेब आणि स्थैर्य वेगळे दिसू लागतात. एकाच उतरणीवर असं क्वचितच घडतं.

या कल्पनेतून निघणारं भाकीत तपासता येतं. सात महिने कोरड सोसणारं झाड दोन महिन्यांच्या कोरडीतही जगू शकतं, पण उलट होत नाही. म्हणजे उत्तरेतल्या प्रजाती बहुतांशी दक्षिणेतही सापडायला हव्यात, डब्यात डबा बसावा तशा. जांभूळ आणि अंजनी तशाच आहेत, दोन्हीकडे. डिप्टेरोकार्पस इंडिकस हा सदाहरित वृक्ष मात्र कर्नाटकातच थांबतो. पेज आणि शंकर यांनी २०२० मध्ये सह्याद्रीच्या काष्ठवनस्पतींवर केलेल्या अभ्यासाचा कौलही हवामानाच्या स्थैर्याकडेच होता.

पण डब्यात डबा काळाच्या गृहीतकातूनही निघतो. आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि सह्याद्रीत त्याची दक्षिण हद्द गोव्याच्या आसपास संपते. लाव्हा वाहत होता तेव्हा उत्तरेतलं सगळं जळालं, दक्षिणेत काही वंश तग धरून राहिले आणि नंतर हळूहळू उत्तरेला सरकले, असं मानायला जागा आहे. जोशी आणि करंथ यांनी २०१३ मध्ये घोणींवर केलेला अभ्यास याच दिशेचा होता. घोणी जुन्या, मातीत राहणाऱ्या, सावकाश पसरणाऱ्या, त्यांच्या बाबतीत हे पटतं. झाडांबाबत मला शंका आहे. साडेसहा कोटी वर्षांत बी उत्तरेला अनेकदा पोचलं असतं. अडलं असेल तर पोचणं नाही, तिथे टिकणं.

जगाच्या पातळीवर काळाचं पारडं जड आहे, पण त्याचीही दोन रूपं निरनिराळी आहेत. उष्ण कटिबंधात प्रजाती झपाट्यानं तयार होतात हे एक, आणि तिथे जमा व्हायला वेळ जास्त मिळाला हे दुसरं. पहिल्याला मोठा धक्का २०१८ मध्ये बसला. राबोस्की आणि सहकाऱ्यांनी ३० हजारांहून जास्त माशांची वंशावळ मांडली, तेव्हा समुद्रात नव्या प्रजाती सगळ्यात वेगानं ध्रुवांकडच्या थंड पाण्यात बनताना दिसल्या, जिथे एकूण प्रजाती कमी आहेत. म्हणजे वेग आणि साठा एक नाहीत. दुसरं रूप अजून उभं आहे. झाडबेडकांच्या हायलिड कुळात, एखाद्या प्रदेशात वंश किती आधी पोचला यावरून तिथली संख्या ठरते, वेगावरून नाही, असं २००६ मध्ये वीन्स आणि सहकाऱ्यांना आढळलं.

म्हणून तिला मी असं सांगितलं. जगाचा निबंध असेल तर काळ मध्यभागी घे आणि ऊर्जेला किती प्रजाती मावतील याची हद्द ठरवणारी म्हणून ठेव. सह्याद्रीचा असेल तर कोरडे महिने मध्यभागी घे. ऊर्जा मुख्य करायची असेल तर फक्त आपल्यासारख्या कोरड्या-ओल्या जोडीसाठी, जिथे पावसातला फरक दहापट आहे.

सांख्यिकीचा एक धोका आहे. उत्तरेकडे येताना कोरडे महिने वाढतात आणि जमीन लाव्ह्याची होते, दोन्ही साधारण एकाच दिशेनं. दोन्ही एका समीकरणात घातली तर संगणक कुणाला तरी जिंकवतोच, आणि नकाशावरचे शेजारचे चौकोन एकमेकांसारखे असल्यामुळे तो विजय आहे त्यापेक्षा पक्का भासतो. त्याऐवजी घटीचा आकार पाहावा. कोरडे महिने कारण असतील तर प्रजाती हळूहळू, सलग कमी होतील. लाव्हा कारण असेल तर गोव्याजवळ, त्याच्या हद्दीवर, पायरी दिसेल. फक्त तिथे दगड बदलतो तशी मातीही बदलते, तेव्हा पायरी दिसलीच तर आधी मातीचा हिशेब करावा लागेल. तिनं सध्या वहीत अंशागणिक प्रजातींचा तक्ता करायला घेतलाय, ८ अंशांपासून. अजून ती १२ पर्यंतच आली आहे.