नवं पॅकिंग मशीन घ्यावं की लॉट लहान करावेत?

समजा, रबाळ्याच्या एमआयडीसीत मसाल्यांचं छोटं युनिट आहे. तिखट, हळद आणि धणेपूड मिळून रोज 200 ग्रॅमचे 6,000 पाऊच गाडीत चढतात. मिनिटाला 30 ऐवजी 60 पाऊच भरणारं मशीन घ्यावं का, हा प्रश्न आहे. व्हॅल्यू स्ट्रीम मॅप, म्हणजे माल गाडीपर्यंत पोचताना कुठे किती थांबतो याचा नकाशा, काढला की उत्तर बरंच स्पष्ट होतं.

मॅपसाठी डिस्पॅचपासून उलटं चालत या आणि वाटेतला प्रत्येक साठा एकाच दिवशी स्वतः मोजा. रजिस्टरवर विसंबू नका, त्यात अडकलेले क्रेट नसतात. प्रत्येक साठ्याला रोजच्या मागणीने, म्हणजे पाऊच असतील तर 6,000 ने आणि मिश्रण असेल तर 1,200 किलोने, भागलं की तो किती दिवसांचा आहे ते कळतं.

| साठा | आज | फक्त नवं मशीन | लहान लॉट |
|---|---|---|---|
| मिश्रण, 3,600 किलो | 3 दिवस | 3 | 1 |
| भरलेले पाऊच, 9,000 | 1.5 | 1.5 | 0.5 |
| तयार बॉक्स, 24,000 पाऊच | 4 | 4 | 1 |
| एकूण | 8.5 | 8.5 | 2.5 |

6,000 पाऊच भरायला आजच्या मशीनला 200 मिनिटं लागतात, नव्याला 100 लागतील. पण साडेआठ दिवस जातात ते माल पडून राहण्यात. बॉक्स भरणारे हात तेवढेच राहिले, तर मधला ढीग उलट वाढेल.

मग लॉट मोठे का? एका मसाल्यावरून दुसऱ्यावर जायला पूड ओतायचा हॉपर आणि ती पुढे ढकलणारा स्क्रू, म्हणजे ऑगर, धुऊन वाळवण्यात 90 मिनिटं जातात. रोज तिन्ही मसाले घ्यायचे तर तीन बदल, म्हणजे 270 मिनिटं, आणि भरणीची 200. शिफ्टमध्ये हाताशी असतात 450. गणित 20 मिनिटांनी हुकतं, म्हणून सुपरवायझर तीन-तीन दिवस एकच मसाला चालवतो. नवं मशीन हे गणित जुळवेल खरं, पण ऑगर-हॉपरचा जादा संच आधीच धुऊन तयार ठेवला तर बदल 35 मिनिटांवर येऊ शकतो. तीन बदलांची 105 मिनिटं, वर भरणीची 200, एकूण 305. हा संच मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. क्रम धणे, हळद, तिखट असा ठेवा. बांधानी हिंगाचा मसाला असेल तर तो सर्वांत शेवटी, कारण त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं आणि ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ते बाकीच्या मसाल्यांत जाऊन चालत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करू नका, पूड शेजारच्या लाइनवर उडते.

तयार बॉक्सचे चार दिवस बहुतेक लॅब रिपोर्टची वाट पाहण्यात जातात. नमुना पॅकिंगनंतर घेण्याऐवजी मिश्रण होताच पाठवला, तर रिपोर्टचे दिवस पॅकिंगबरोबरच सरतात. सीलची गळती मात्र भरलेल्या पाऊचवरच तपासावी लागते. आणि यीस्ट-मोल्डची चाचणी मागितली असेल तर उबवणीलाच साधारण पाच दिवस लागतात, तिथे ‘1 दिवस’ विसरा.

हे सगळं फसतं ते बहुधा इन्सेंटिव्हपायी. ऑपरेटरला पाऊचच्या आकड्यावर पैसे मिळत असतील, तर बॉक्स भरण्याआधी पाऊच ठेवायची अर्ध्या दिवसाची, म्हणजे 3,000 पाऊचची, जागा भरली तरी तो मशीन थांबवणार नाही.

मागणी 12,000 वर गेली की चित्र पालटतं. भरणीला 400 आणि बदलांना 105 मिनिटं धरली तर 505 होतात. तेव्हा मशीनचं कोटेशन मागवा.