स्वस्त दराची प्रयोगशाळा आणि न तपासलेले रक्त

डीएमएलटी ही प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका झाल्यावर म्हापशातील एका खासगी प्रयोगशाळेत मी सहा वर्षे नोकरी केली आणि त्यानंतर साखळी, केरी, होंडा या भागात घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचे काम स्वतः सुरू केले. रक्तपेशी मोजणारे सेल काउंटर यंत्र घेण्याची ऐपत नसल्यामुळे तपासणी दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत आणि नमुना घेणे तेवढे माझे, अशी व्यवस्था होती. सकाळी साडेसहाला स्कूटरवर निघायचे, रक्त गोठू न देणाऱ्या, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठीचे रक्त घ्यायचे आणि साडेदहाच्या आत थंड पेटी पोहोचवायची, असा माझा दिवस असे.

तेव्हा एका नव्या प्रयोगशाळेचा प्रतिनिधी माझ्याकडे आला. इतर ठिकाणी सीबीसीला मला 110 रुपये पडत होते, तो 70 रुपयांत करून देणार होता आणि पेटी न्यायला त्यांचाच माणूस साखळी बसस्थानकावर येणार होता. त्यासाठी 25,000 रुपये अनामत आणि तपासण्यांचे पैसे आगाऊ, एवढीच अट होती. त्याने प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या प्रमाणपत्राची रंगीत प्रतही दाखवली. त्या प्रमाणपत्रावर पत्ता असतो आणि कोणत्या तपासण्यांना मान्यता आहे याची यादी जोडलेली असते. मी फक्त बोधचिन्ह पाहिले. पुढे वाचून पाहिले, तर पत्ता परराज्यातील, जवळपास त्याच नावाच्या दुसऱ्याच प्रयोगशाळेचा निघाला.

तीन महिने अहवाल संध्याकाळी वेळेवर येत राहिले. मग केरीच्या एका आजींना धाप लागते म्हणून घरच्यांनी आरोग्य केंद्रात नेले आणि तेथील डॉक्टरांनी मला फोन केला. "तुमच्या कागदावर हिमोग्लोबिन 10.2 आहे. तुम्ही आजींच्या पापण्या आतून पाहिल्या होत्या का? पांढऱ्याफटक आहेत." तेथे पुन्हा तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 6.8 भरले आणि आजींना रक्त चढवावे लागले.

त्या रात्री मी तो अहवाल पहिल्यांदा आकडेमोड करून वाचला. सीबीसीतील आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का, आरबीसी म्हणजे त्या पेशींची संख्या आणि एमसीव्ही म्हणजे एका पेशीचे सरासरी आकारमान. पीसीव्हीला आरबीसीने भागून दहाने गुणले की एमसीव्ही आला पाहिजे, कारण यंत्र यांपैकी दोन आकडे मोजते आणि तिसरा त्यांवरून काढते. आजींच्या अहवालात पीसीव्ही 36 आणि आरबीसी 4.0 होते, म्हणजे एमसीव्ही 90 हवा. छापला होता 78. हिमोग्लोबिनला पीसीव्हीने भागून शंभराने गुणले की एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन किती दाट आहे तो आकडा मिळतो, तो 28.3 यायला हवा होता, छापला होता 33.1. दशांशाचा फरक पूर्णांक करताना पडू शकतो, बारा एककांचा पडत नाही. रुग्णाचे रक्त कितीही बिघडलेले असले तरी यंत्राचा भागाकार चुकत नाही. हे आकडे कोणीतरी हाताने भरले होते. जुने अहवाल काढून बसले, तेव्हा तपासलेल्या वीसपैकी चौदा अहवालांत हीच गत होती.

तरीही खात्रीसाठी मी स्वतःचेच रक्त दोन ईडीटीए नळ्यांत काढले आणि एका चिठ्ठीवर 62 वर्षांची बाई, दुसऱ्या चिठ्ठीवर 30 वर्षांचा पुरुष असे लिहून पाठवले. एकाच रक्ताच्या दोन नळ्या एकाच यंत्रावर लावल्या तर हिमोग्लोबिनमध्ये चार-पाच दशांशांहून अधिक फरक पडू नये. अहवाल आले: बाईचे 11.4, पुरुषाचे 14.6. रक्त बहुधा बेसिनमध्ये गेले होते आणि वय, लिंग पाहून शोभतील असे आकडे टंकले गेले होते.

प्रतिनिधीला विचारले तर म्हणाला, "मॅडम, सँपल उशिरा पोहोचलं असेल." ईडीटीएतील रक्त चार-पाच तास राहिल्याने हिमोग्लोबिन तीन ग्रॅमने हलत नाही, आणि दोन्ही नळ्या एकाच पेटीतून गेल्या होत्या, हे मी सांगितल्यावर फोन बंद झाला तो कायमचा. अनामत गेलीच, शिवाय आगाऊ भरलेल्यांपैकी 8,600 रुपयेही गेले. करार 100 रुपयांच्या मुद्रांकावर होता, पण अहवालावर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा नोंदणी क्रमांक मी त्यांच्याकडे कधी मागितला नव्हता आणि ती प्रयोगशाळा आतून एकदाही पाहिली नव्हती. पोलिसांत तक्रार दिली आहे.

पैशांपेक्षा अवघड काम पुढचे होते. त्या तीन महिन्यांतील 41 घरांत जाऊन मी सांगितले की मी दिलेला कागद खरा मानू नये, आणि ज्यांनी होकार दिला त्यांचे रक्त पुन्हा घेऊन जुन्या, 110 रुपयांच्या ठिकाणी माझ्या खर्चाने तपासून घेतले. सात घरांनी दार लावून घेतले. त्यांना दोष देता येत नाही. आता दर पंधरवड्याला मी एखादी नळी दोन नावांनी पाठवते आणि त्या जादा नळीचे पैसे माझ्या वहीत प्रवासखर्चाशेजारी लिहिते.