हुरड्याचा फोटो आणि पहिली ओळ : यातलं कुठलं पाठवावं?

परवा रात्री जेवणं झाल्यावर मावसभाऊ फोन घेऊन शेजारी येऊन बसला. "ताई, डेटिंग अ‍ॅपवर मॅच झालीय. चार ओळी लिहून ठेवल्यात, कुठली पाठवू सांग." मुलगी सोलापूरचीच होती आणि तिचा फोटो खरंच बोलका होता. ती शेतात आगटीपाशी उकिडवी बसलीय. हातात भाजलेलं कणीस, दोन्ही तळवे काळेकुट्ट. समोरच्या स्टीलच्या ताटात हिरवागार हुरडा, कडेला शेंगा चटणी आणि गुळाचा खडा. मागे एक आजी डोक्यावर पदर घेऊन बसल्यात. त्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, या मुलीकडे बघून हसतायत.

त्याच्या चार ओळी अशा होत्या:

"हाय, फोटो खूप छान आहे. स्माइल मस्त."

"हुरडा खूप आवडतो वाटतं तुम्हाला?"

"गूळभेंडी की सुरती?"

"तळवे बघून वाटतंय, चोळायला तुम्ही आणि खायला बाकीचे."

पहिलीवर वेळ घालवत नाही. ती कुठल्याही फोटोखाली चालते, आणि वाचणाऱ्या मुलीला हे पहिल्या शब्दाला कळतं.

दुसरी ओळ फसवी आहे, कारण बहुतेक मुलं हीच लिहितात आणि आपण फोटो नीट बघितला असं त्यांना मनापासून वाटतं. तिच्यात हुरडा आहे, म्हणजे फोटोतली गोष्ट आहे. पण "हुरडा" काढून तिथं "ट्रेकिंग" घाला, "मांजर" घाला, "कॉफी" घाला. वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. साचा आधी तयार होता आणि फोटोतली वस्तू नंतर त्यात बसवली, हे वाचणारीला जाणवतं. दुसरी अडचण उत्तराची. आगटीपाशी बसून हुरडा खाणाऱ्या मुलीला हुरडा आवडतो का, याचं उत्तर फोटोतच आहे. ती "हो" म्हणेल, फार तर पुढे एक स्मायली टाकेल, आणि बोलणं तिथंच थांबेल. असं एकशब्दी उत्तर आलं की मुलीला रस नाही असं मुलं धरून चालतात. पुष्कळदा तिच्यापुढे उत्तर द्यायला काही ठेवलेलंच नसतं.

मी हे माझ्या अनुभवावरून सांगते. दोन वर्षं माझ्या प्रोफाइलवर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला एक फोटो होता. मी आणि शेजारी पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेला माझा भाऊ, मागे नंदीध्वजांची मिरवणूक. त्या फोटोवर "यात्रा एन्जॉय केली का?" अशा अर्थाचे कितीतरी मेसेज आले. त्यातला एकही आज आठवत नाही. एकाने मात्र लिहिलं होतं, "बाराबंदीच्या गाठी त्यांच्या त्यांनी बांधल्यात की तुम्ही बांधून दिल्या? डावीकडची एक सुटलेली दिसतेय." मी फोटो मोठा करून बघितला. गाठ खरंच सुटली होती. तोपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्या माणसाशी पुढे काही जुळलं नाही, पण त्या रात्री आम्ही तासभर बोललो, आणि तो फोटो बघत थांबला होता याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

तेव्हा खरी निवड तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत आहे.

"गूळभेंडी की सुरती?" ही जाणकाराची ओळ आहे. हुरड्याच्या ज्वारीची ही दोन नावं ज्याला माहीत आहेत तो शेतावर बसून हुरडा खाल्लेला माणूस असणार, असं मुलगी धरून चालते. ओळ लहान आहे आणि उत्तर द्यायला सोपी आहे. ज्याच्या घरी शेत आहे, ज्याला दोन्हींच्या चवीतला फरक सांगता येतो, त्याने ती बेलाशक पाठवावी. पण मी भावाला विचारलं, "ती सुरती म्हणाली तर पुढे काय लिहिशील?" तो गप्प झाला. ही नावं त्याने दहा मिनिटांपूर्वी शोधली होती. त्याचा जन्म शहरातल्या रेल्वे लाइन्समधला, हुरडा खाल्लेला मित्राच्या शेतावर, तोही दोनदा. अशा वेळी ही ओळ अंगाशी येते. पहिल्या मेसेजमध्ये जाणकार वाटलेला माणूस दुसऱ्यात गडबडला की मुलीला वाटतं, पहिलंही कुठून तरी उचललेलं होतं. शिवाय "हे की ते" असे दोन पर्याय समोर ठेवणारा प्रश्न हल्ली इतका वापरात आहे की आतला माल अस्सल असला तरी वेष्टण ओळखीचं वाटतं.

चौथ्या ओळीत प्रश्नच नाही, अंदाज आहे. तो फोटोतल्या एकाच बारक्या गोष्टीवर उभा आहे, काळे तळवे. आगटीत भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळावं लागतं, तेव्हाच दाणे सुटतात आणि राख हाताला लागते. म्हणून ज्याचे हात सगळ्यांत काळे, त्याच्याकडे चोळायचं काम, हा तर्क हुरडा दोनदाच खाल्लेल्या माणसालाही करता येतो. इथं त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच तो बोलतोय. अंदाज बरोबर निघाला तर ती "हो ना, दरवर्षी मलाच बसवतात" म्हणेल. चुकला तरी बिघडत नाही. चुकीची गोष्ट दुरुस्त करायला माणूस जास्त उत्साहाने बोलतो, "छे, मी तर नुसती खात होते" असं. दोन्हीकडून तिला सांगायला काहीतरी मिळतं.

अंदाजाला मर्यादा आहे. तो वस्तूबद्दल किंवा कामाबद्दल असावा, माणसाच्या स्वभावाबद्दल नसावा. "फोटो बघून वाटतंय तुम्ही खूप घरेलू आहात" हाही अंदाजच, पण तो अंगावर येतो. दिसण्याबद्दल, कपड्यांबद्दल तर नकोच. आणि आपल्या सोलापुरात एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते, जागा ओळखून दाखवू नये. भावाच्या डोक्यात पाचवी ओळ होती, "हे हिप्परग्याच्या बाजूचं शेत ना?" त्याला वाटलं, यातून निरीक्षण दिसेल. मुलीला मात्र दिसतं की या माणसाने माझं शेत कुठं आहे ते शोधलं. शहर असं आहे की दोन ओळखी काढल्या की कोणाचं घर जुळे सोलापुरात कुठल्या गल्लीत आहे इथपर्यंत माणूस पोचतो. अनोळखी माणसाने पहिल्याच ओळीत पत्त्याच्या दिशेने पाऊल टाकलं तर मुलगी ब्लॉक करते, आणि मी तिला दोष देणार नाही.

मागच्या आजींचाही विचार आम्ही केला. फोटोतली सगळ्यांत सुंदर गोष्ट तीच आहे, ते हसू. तरीही मी म्हणाले, पहिल्या ओळीत नको. फोटो कधीचा आहे ते माहीत नाही, आजी आता आहेत की नाहीत तेही माहीत नाही. घरच्या माणसांचा विषय तिने काढला तर बोलावं.

एक सहावा प्रकारही आहे, आपलंच काही सांगायचं. "आमच्याकडे आगटी पेटवायचं काम माझं. गोवऱ्या ओल्या निघाल्या की सगळे माझ्यावर चिडतात." ज्याच्या आयुष्यात हे खरं आहे त्याच्या तोंडी ही ओळ फार गोड वाटते, चौथ्या ओळीपेक्षाही. पण ती दोन वाक्यांवर गेली की ऐकणारी बाजूला पडते आणि त्याचीच गोष्ट सुरू होते. भावाकडे सांगण्यासारखं एवढं नव्हतं, म्हणून आम्ही तो मार्ग सोडला.

मग चौथी ओळ घेऊन थोडी घासली. पहिला प्रश्न "तू" की "तुम्ही" हा. पहिल्याच ओळीत "तू" म्हटलं तर इथं पुष्कळ मुलींना सलगी वाटते, "तुम्ही" म्हटलं तर ओळ बँकेच्या काउंटरवरची वाटते. सुदैवाने मराठीत वाक्य असं फिरवता येतं की दोन्ही लागत नाहीत, आणि पुढे ती कशी बोलते ते बघून ठरवता येतं. दुसरी गोष्ट, ओळ कुठे दिसणार आहे. हिंजवर एखाद्या ठरावीक फोटोवरच कमेंट करता येते आणि ती त्या फोटोसकट समोर जाते, तिथं फोटो कुठला ते सांगावं लागत नाही. टिंडरवर मॅच झाल्यावरचा मेसेज नुसता जातो. तिचे सहा फोटो असतील तर "तळवे" म्हणजे कुठले, हे तिला कळायला हवं. भाऊ टिंडरवर होता. "बाकीचे" शब्दही काढला. त्याने घरच्या लोकांना कामचुकार म्हटल्यासारखं होत होतं.

शेवटी ओळ झाली:

"हुरड्याच्या फोटोतले तळवे बघून वाटतंय, चोळायचं सगळं काम एकटीवर आलं होतं."

पुढे स्मायली नाही, उद्गारचिन्ह नाही, सुरुवातीला "हाय" नाही. त्याने ती इंग्रजी अक्षरांत टाइप केली, कारण एरवी तो तसंच लिहितो. मी अडवलं नाही. नेहमी इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्याने त्या एका मेसेजपुरती शुद्ध देवनागरी काढली तर तीही तयारी केल्यासारखी दिसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. "चोळलं मीच. पण निम्मं तिथंच बसून खाल्लं."

इथं तो पुन्हा घसरणार होता. त्याने लिहायला घेतलं, "हाहा मस्त. बाकी काय करता तुम्ही?" मी त्याचा हात धरला. पहिली ओळ इतकी नेमकी आणि दुसरी एकदम अर्जातल्या रकान्यासारखी, असं झालं की पहिली पाठ करून आणलेली होती हे उघड होतं. ती अजून आगटीपाशीच बसलीय, आपणही तिथंच बसायला हवं. तिने "निम्मं" म्हटलंय ना, तेवढंच धर. त्याने विचार करून लिहिलं, "मग ताटात दिसतंय ते उरलेलं निम्मं?"

"ते आजीचं," तिने लिहिलं. "तिला दात नाहीत, म्हणून मऊ मऊ दाणे वेगळे काढत होते. फोटोत मागे बसलीय बघ, तीच."