शकुंतलेचा उचललेला पाय: अर्थ आधी सांगायचा की शेवटी?

चित्रावरचा परिच्छेद लिहून झाला आहे, वर्णन बरोबर आहे, शेवटी अर्थाचं एक वाक्यही आहे, आणि तरी तपासणाऱ्याने समासात लिहिलं आहे, ‘हे कशावरून?’ आता परिच्छेद पुन्हा लिहायचा तर दोन वाटा दिसतात. अर्थाचं वाक्य वर न्यायचं आणि वर्णनाला पुरावा म्हणून त्याच्या मागे उभं करायचं. नाहीतर वर्णनच असं लावायचं की अर्थ त्यातून शेवटी आपोआप निघेल. कुठली वाट धरावी हे एकाच परिच्छेदावर दोन्ही करून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून तसंच करू.

चित्र घेऊ राजा रविवर्मांचं, कॅलेंडरांमुळे घरोघरी गेलेलं: सख्यांबरोबर निघालेली शकुंतला पाय उचलून मागे वळून बघते, ते. विद्यार्थ्यांच्या वहीत त्यावरचा परिच्छेद साधारण असा असतो. (हा मीच रचला आहे, पण गेली कित्येक वर्षं मी हाच तपासतो आहे असं वाटतं.)

‘राजा रविवर्मा हे थोर चित्रकार होते. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला. प्रस्तुत चित्रात शकुंतला सख्यांसमवेत वनात दिसते. तिने फुले माळली आहेत. तिचा एक पाय उचललेला आहे. तिचा एक हात सखीच्या खांद्यावर आहे. तिची मान मागे वळलेली आहे. मागे झाडी आहे. रंगसंगती मनमोहक आहे. यातून स्त्रीच्या विरहाची उत्कट भावना व्यक्त होते.’

शेवटच्या वाक्यातल्या ‘यातून’वर बोट ठेवा. कशातून? ‘यातून’ काढून तिथे आधीचं वाक्य घालून बघा. ‘मागे झाडी आहे, त्यातून विरह व्यक्त होतो.’ ‘रंगसंगती मनमोहक आहे, त्यातून विरह व्यक्त होतो.’ दोन्ही हास्यास्पद. ‘मान मागे वळली आहे’ हे घातलं तर कुठे थोडा अर्थ लागतो. म्हणजे दहा वाक्यांतलं एकच वाक्य अर्थाच्या कामाचं आहे आणि ते इतरांच्या रांगेत निमूट उभं आहे. शिवाय अर्थही चुकला आहे. हा प्रसंग कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकाच्या पहिल्या अंकाच्या शेवटचा. शकुंतला आणि दुष्यंत यांची आत्ताच कुठे भेट झाली आहे, विरहाला अजून वेळ आहे. ‘विरह’ हा शब्द चित्रातून आलेला नाही. ‘शकुंतला’ म्हटलं की जे आठवतं त्यातून आला आहे. हंसाशी बोलणाऱ्या दमयंतीच्या चित्राखाली हेच वाक्य ठेवलं तरी ते तितकंच चालेल, आणि जे वाक्य दोन चित्रांखाली चालतं ते या चित्राबद्दल काही सांगत नाही.

आता पहिली वाट, अर्थ आधी:

‘रविवर्मांच्या या चित्राचा विषय प्रेमापेक्षा प्रेम लपवण्याचा बहाणा हा आहे. शकुंतलेने पायात काही रुतल्यासारखा पाय उचलला आहे आणि हात पायाशी नेला आहे, पण तिची नजर पायाकडे नाही. मान पूर्ण मागे वळली आहे. ती ज्याच्याकडे पाहते तो दुष्यंत चित्रात दाखवलेला नाही, त्यामुळे आपल्याला तिचं पाहणं दिसतं, पाहण्याचं कारण दिसत नाही.’

आधीच्या परिच्छेदाच्या मानाने हा कितीतरी बरा आहे. काय ठेवायचं, काय टाकायचं हे पहिल्याच वाक्याने ठरवून टाकलं. छापखाना गेला, झाडी गेली, फुलं गेली. ही या वाटेची खरी कमाई: गाळणी आपोआप लागते. परीक्षेत, जिथे तपासणाऱ्यासमोर गठ्ठा आहे आणि त्याला मुद्दा पहिल्या ओळीत हवा आहे, तिथे ही वाट धरा, फार विचार करू नका.

पण तोटाही त्याच वाक्यात आहे. ‘बहाणा’ हा शब्द वाचकाने आधी ऐकला, मग चित्र पाहिलं. आता त्याला उचललेला पाय दिसत नाही, बहाणाच दिसतो. पटलं तर ‘हो, बरोबर’ म्हणून तो पुढे जातो. नाही पटलं तर पहिल्या वाक्यापासूनच वाद घालत वाचतो आणि पुढचं वर्णन त्याला वकिलाने निवडून मांडलेला पुरावा वाटतं. लिहिणाऱ्यालाही एक खोड लागते: निष्कर्ष हातात असला की अडचणीचे तपशील डोळ्यांना दिसेनासे होतात.

दुसरी वाट, वर्णनातून अर्थाकडे:

‘शकुंतला चालता चालता थांबली आहे. एका हाताने सखीच्या खांद्याचा आधार घेतला आहे, पाय उचलला आहे, दुसरा हात पायाशी गेला आहे. पायात काही रुतलं की माणूस असाच उभा राहतो. पण रुतलेलं काढताना माणूस पायाकडे बघतो, आणि शकुंतला पायाकडे बघत नाही. तिची मान मागे वळली आहे. मागे जो आहे त्याला रविवर्मांनी चौकटीबाहेर ठेवलं आहे, त्यामुळे तिच्या थांबण्याचं खरं कारण चित्रात सापडत नाही, सबब तेवढी सापडते. तिचं प्रेम आपल्याला कळतं ते तिने ते दाखवल्यामुळे नाही, लपवताना ती पकडली गेल्यामुळे.’

तपशील तेच आहेत, एकही नवा नाही. बदल तीन ठिकाणी झाला. पहिला क्रियापदात. मूळ परिच्छेदात वर्णनाचं जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘आहे’वर संपतं आणि सगळे ‘आहे’ एकाच वजनाचे आहेत: पाय आहे, हात आहे, झाडी आहे. ‘पाय उचललेला आहे’ ही स्थिती झाली. ‘चालता चालता थांबली आहे’ ही घटना झाली, आणि घटनेला ‘का?’ विचारता येतं. ‘आहे’ इथेही आहेच, त्याला इलाज नाही, पण त्याच्या आधी काहीतरी घडतं.

दुसरा बदल म्हणजे एक वाक्य चित्राबाहेरून आणलं: ‘पायात काही रुतलं की माणूस असाच उभा राहतो.’ ही नेहमीची गोष्ट समोर ठेवल्याशिवाय चित्रातली विसंगती दिसत नाही. विद्यार्थी नेमकं हेच वाक्य वगळतात, कारण ते त्यांना फार साधं, परीक्षेच्या वहीत न शोभणारं वाटतं. सगळा परिच्छेद त्याच वाक्यावर उभा आहे.

तिसरा बदल ‘पण’. मूळ परिच्छेदात ‘पण’ एकदाही नाही. जिथे ‘पण’ नाही तिथे तपशील एकमेकांशी बोलत नाहीत, नुसते ओळीत उभे असतात. हात एक सांगतो, मान दुसरं सांगते. ‘पण’ने त्यांना समोरासमोर आणलं की अर्थ त्या दोघांच्या मधल्या फटीतून येतो, ‘यातून’ म्हणावं लागत नाही.

या वाटेचा धोका वेगळा आहे. वाचक तीन-चार वाक्यं वाट बघतो आणि त्या वेळात त्याचा हात सुटू शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात प्रश्न पेरलेला हवा. वर तो ‘थांबली’मध्ये आहे. दुसरं म्हणजे तपशील चुकला तर सगळंच कोसळतं. अर्थ आधी सांगितला असेल तर एक पुरावा पडला तरी दुसरा सावरतो; इथे एकाच्या खांद्यावर दुसरा उभा आहे. मोबाइलवरच्या धूसर प्रतीवरून ‘नजर कुठे आहे’ असलं वाक्य लिहू नका. या चित्राच्या कॅलेंडरी नकलाही पुष्कळ आहेत आणि नक्कल करणाऱ्याने मान थोडी जरी फिरवली तरी तुमचा निष्कर्ष त्या नकलेचा होईल, रविवर्मांच्या चित्राचा नाही.

अर्थाचं वाक्य किती लांब न्यायचं, इथे दोन्ही वाटा सारख्याच घसरतात. ‘लपवताना ती पकडली गेली’ इथवर चित्र साथ देतं. ‘आश्रमातल्या मुलीला सरळ वळून बघता येत नाही म्हणून तिला सबब लागते’ हे आणखी एक पाऊल. ते टाकायला कालिदासाचा आधार घ्यावा लागतो आणि तो आहे. नाटकात शकुंतला स्वतःच अनसूयेला सांगते की कुशाचं टोक पायाला लागलं आणि वल्कल फांदीत अडकलं. सबबी दोन आहेत. रविवर्मांनी पायाची घेतली आणि चित्र तिच्यावरच तोललं. पुढे दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला हाच प्रसंग ‘दर्भाङ्कुरेण चरणः क्षत’ म्हणून रंगवून सांगतो, तिचं आपल्यावर मन आहे याचा पुरावा म्हणून. म्हणजे नाटकात तिची लबाडी ओळखणारा तो असतो. चित्रात तो नाही, ते काम आपल्याकडे आलं आहे. हे वाक्य परिच्छेदात घालण्याजोगं आहे, कारण ते चित्रातल्या एका गोष्टीला, दुष्यंताच्या नसण्याला, चिकटलेलं आहे. ‘हे चित्र पुरुषप्रधान व्यवस्थेने दडपलेल्या स्त्रीच्या नजरेचे प्रतीक आहे’ हे मात्र तिसरं पाऊल झालं आणि त्याच्याखाली जमीन नाही. ते खोटंच असेल असं नाही, पण ते सिद्ध करायला एक चित्र आणि एक परिच्छेद पुरत नाहीत.

छापखान्याचं वाक्य टाकताना विद्यार्थ्यांच्या जिवावर येतं, ‘सर, माहिती बरोबर आहे ना!’ बरोबर आहे. त्या छापखान्यात पहिलं छापलेलं चित्रही शकुंतलेच्याच जन्माचं होतं, ही माहिती तर आणखी गोड आहे. पण शकुंतलेचा पाय आणि मान यांच्यातल्या भांडणाशी या माहितीचा काही संबंध नाही. चित्रं घरोघरी कशी पोचली यावर परिच्छेद असेल तेव्हा ती पहिल्या वाक्यात बसेल.

मग काय निवडायचं? तुमचा अर्थ वाचकाला ऐकताक्षणी पटणारा असेल तर तो आधी सांगा, उगीच ताणू नका. ऐकताक्षणी ‘छे, कशावरून?’ असं वाटणारा असेल, तर त्याला वर्णनातून चालवत आणा. ‘प्रेमाचं चित्र’ पटणारं आहे, ‘बहाण्याचं चित्र’ थोडं तिरकं आहे, म्हणून इथे माझं मत दुसऱ्या वाटेला. जमल्याची खूण म्हणजे शेवटचं वाक्य झाकून परिच्छेद कुणाला तरी वाचायला द्या. त्याने सांगितलेला अर्थ तुमच्या झाकलेल्या वाक्याच्या आसपास आला तर जमलं. नुसतं ‘छान वर्णन आहे’ म्हणाला, तर ‘पण’ कुठेतरी निसटला आहे.

संगीतावर लिहिणाऱ्यांना निवडीचा हा प्रश्न कमी वेळा पडतो, कारण ऐकणं वेळेतच घडतं. मारवा रागाबद्दल ‘संधिकालाची उदासी’ असं आधी लिहिलं तर ते रागाच्या वेळापत्रकातून उचललेलं असतं. त्याऐवजी असं लिहून बघा: तानपुऱ्यात षड्ज सतत वाजतो आहे, गायक मात्र रिषभ आणि धैवतावरच थांबतो आहे, षड्जाच्या जवळ येऊन त्याला वळसा घालून जातो आहे. घर समोर दिसतं आहे, पण तो आत शिरत नाही. मग फार उशिरा तो षड्जावर येतो, आणि फार वेळ तिथे राहत नाही.