निरोपाच्या कार्डाचं चित्र: वस्तूंची चौकट मागावी की खाली टेबल, वर भिंत?

सहकाऱ्याच्या निवृत्तीसाठी कार्ड करायचं, त्यावर ऑफिसातल्या वस्तू हव्यात, रंग उबदार हवेत आणि मजकुराला जागा हवी, एवढं ठरलं की चित्र बनवणाऱ्या एआय साधनापुढे एकच खरा प्रश्न उरतो: मांडणी कोणती मागायची? प्रॉम्प्ट कितीही सजवला तरी शेवटी दोनच वाटा दिसतात. एक, वस्तू कडेने चौकटीसारख्या मांडून मधली जागा मोकळी ठेवणं. दुसरी, खाली टेबल आणि त्यावर वस्तू, वरची भिंत मोकळी. दोन्ही वाटांनी चांगली कार्डं होतात. माझा कल दुसरीकडे आहे आणि त्यामागे मुख्यतः एकच त्रास आहे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी चौकटीची बाजू. वरून पाहिल्यासारखं सपाट चित्र, कडेने चष्मा, पेन, कप, फाइल, रोपट्याची पानं आणि मध्ये मलई रंगाचा कागद. हे कार्ड पहिल्या नजरेत कार्डासारखं दिसतं. वस्तू एकमेकींआड लपत नाहीत, प्रत्येक ओळखू येते. आठ-दहा वस्तू घालायच्या असतील तर टेबलावर गर्दी होते, चौकटीत त्या सहज मावतात. शिवाय मजकूर बरोबर मध्यभागी येतो, त्यामुळे नजर आपोआप तिथे जाते.

अडचण त्या मध्यभागाचीच आहे. ‘मध्ये मजकुरासाठी मोकळी जागा’ असं लिहिलं की ती जागा बरेचदा मोकळी राहत नाही. कधी तिथे अक्षरांसारख्या दिसणाऱ्या वेड्यावाकड्या रेघा येतात, कधी फिकट नक्षीची पाटी, कधी एखादं रेखीव फूल, तर कधी कडेचा कप सरकत सरकत आत येतो. कारण समजण्यासारखं आहे. ही साधनं ज्या चित्रांवर शिकली, त्यांत सजवलेल्या चौकटीच्या मध्ये बहुतेक वेळा काहीतरी लिहिलेलं असतं. त्यात आपण ‘मजकूर’ हा शब्द प्रॉम्प्टमध्ये स्वतःच टाकलेला असतो. ‘मजकूर नको’ असं लिहूनही फार फरक पडत नाही, कारण अनेक साधनं नकारापेक्षा नाम जास्त पकडतात. काही ठिकाणी नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी सोय असते, उदाहरणार्थ मिडजर्नी या साधनात प्रॉम्प्टच्या शेवटी `--no text` जोडता येतं, आणि त्याने बरीच सुधारणा होते. पण रेघा गेल्या तरी पाटी राहते, पाटी गेली तरी फूल येतं.

मग ते पुसणं आलं. मागचा रंग अगदी सपाट असेल तर पुसणं सोपं. पण उबदार चित्रासाठी आपण बहुधा जलरंगाचा पोत मागितलेला असतो, आणि त्या पोतावर पुसलेली जागा पडद्यावर लपली तरी छापल्यावर डागासारखी दिसण्याची भीती असते. कार्डावर जी जागा सगळे वाचणार, नेमक्या तिथेच डाग. नव्या साधनांत हा त्रास कमी झाला आहे हे मान्य. तरी माझ्या अनुभवात तो पुरता गेलेला नाही.

टेबल-भिंतीच्या मांडणीत हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटतो. इथे आपण साधनाकडे रिकामी जागा मागतच नाही. भिंत मागतो. भिंत ही वस्तू आहे, तिला रंग आहे, पोत आहे, आणि ती चितारता येते. ‘मोकळं सोडा’ या सूचनेपेक्षा ‘साधी, एकाच रंगाची भिंत काढा’ ही सूचना जास्त भरवशाने पाळली जाते. त्यामुळे प्रॉम्प्टमध्ये कार्ड, शुभेच्छा, मजकूर, निरोप यांपैकी एकही शब्द घालायची गरज उरत नाही. हे शब्द गाळले की अक्षरांचा उपद्रव निम्म्याहून कमी होतो, असं मला दिसलं आहे.

लेखा विभागातल्या एका सहकाऱ्यासाठीचं उदाहरण घेऊ. प्रॉम्प्ट साधारण असा:

```
जलरंगातलं उभं चित्र. समोरून, टेबलाच्या उंचीवरून पाहिलेलं.
चित्राच्या खालच्या चौथ्या भागात लाकडी टेबलाची अरुंद पट्टी.
टेबलावर डावीकडे कुंडीतलं हिरवं रोप, मध्ये दोन बंद जाड वह्या,
त्यांवर घडी घातलेला चष्मा, उजवीकडे तीन पेनं असलेला स्टँड
आणि विटकरी रंगाचा कप.
मागे मलई रंगाची साधी भिंत, वरच्या कडेपर्यंत सपाट आणि मोकळी.
डावीकडून येणारा मऊ, सोनेरी उजेड.
```

साधन मराठी नीट समजत नसेल तर हेच एकेक वाक्य घेऊन इंग्रजीत करावं, क्रम तोच ठेवावा. मांडणी आधी आणि वस्तू नंतर हा क्रम महत्त्वाचा, कारण लांब प्रॉम्प्टच्या शेवटाकडे काही साधनांचं लक्ष पातळ होतं.

यातली दोन वाक्यं अनावश्यक वाटतील, पण तीच काम करतात. पहिलं ‘टेबलाच्या उंचीवरून’. हे लिहिलं नाही तर चित्र तिरकस वरून पाहिल्यासारखं येतं, टेबलाचा पृष्ठभाग पसरतो आणि भिंत चित्राच्या वरच्या कोपऱ्यात ढकलली जाते. समोरून पाहिलं की टेबल पट्टीपुरतं राहतं. दुसरं, ‘चौथ्या भागात’. साधनं प्रमाण मोजून पाळत नाहीत. वस्तूंची उंची धरून टेबलाचा भाग मागितल्यापेक्षा मोठाच येतो, म्हणून हवा असेल एक तृतीयांश तर मागावा एक चतुर्थांश.

ही मांडणीही निर्दोष नाही. भिंत दिसली की साधनाला तिच्यावर काहीतरी टांगावंसं वाटतं: घड्याळ, तसबीर, खिडकी, फळी. ‘वरच्या कडेपर्यंत सपाट आणि मोकळी’ हे शब्द त्यासाठीच आहेत. उजेड ‘खिडकीतून’ येतो असं चुकूनही लिहू नये, नाहीतर खिडकी तरी येते किंवा तिच्या गजांची सावली भिंतभर पडते आणि त्या सावलीवर अक्षरं वाचता येत नाहीत. टेबललॅम्प मागितला तर त्याच्यामागे भिंतीवर उजेडाचं वर्तुळ उमटतं, तेही मजकुराच्या मध्येच. लॅम्प हवाच असेल तर बंद मागावा आणि अगदी कडेला.

वस्तू निवडताना दोन्ही मांडण्यांना एकच नियम लागू आहे: ज्यावर अक्षरं किंवा आकडे असतात ती वस्तू टाळावी. कॅलेंडर, कीबोर्ड, उघडी वही, कॅल्क्युलेटर यांवर अजूनही अनेकदा अर्थहीन चिन्हं येतात. लेखा विभागातल्या माणसाला कॅल्क्युलेटर शोभेल हे खरं, पण त्याची बटणं चुकली की सगळ्यात आधी त्याच माणसाच्या डोळ्यांत खुपेल. बंद वह्या तेच सांगतात. घड्याळाचं वेगळंच आहे. जाहिरातींतली घड्याळं बहुतेक दहा वाजून दहा मिनिटं दाखवतात, आणि साधनांनाही तीच सवय लागलेली आहे. कार्यालय सुटण्याची वेळ दाखवायची कल्पना छान असली तरी काटे ऐकतीलच असं नाही.

आणखी एक गोष्ट चित्राच्या अर्थाची. निवृत्ती म्हटलं की रिकामी खुर्ची सुचते आणि सामान भरलेलं पुठ्ठ्याचं खोकं सुचतं. खोकं पाहून माणसाला कामावरून काढल्यासारखं वाटतं. रिकामी खुर्ची, पांढरी फुलं आणि मंद दिवा एकत्र आले तर कार्ड शोकसंदेशाच्या जवळ जातं. टेबलाच्या मांडणीत हा धोका जास्त आहे, कारण तिथे खोली दिसते आणि खोलीत माणूस नसतो. वाफाळता कप आणि टवटवीत रोप ठेवलं तर टेबल वापरातलं वाटतं, सोडून दिलेलं वाटत नाही. वाफेची मात्र एकच पातळ रेघ मागावी, कारण ती वर चढत भिंतीत शिरते.

रंगांबद्दल थोडक्यात. नुसतं ‘उबदार रंग’ लिहिलं की सगळ्या चित्रावर नारिंगी झाक चढते आणि वस्तू एकमेकींत विरघळतात. तीन रंग नावानिशी द्यावेत आणि ते वस्तूंना चिकटवावेत: मलई भिंत, विटकरी कप, मोहरी रंगाच्या वह्या. त्यात रोपाचा हिरवा हा एक थंड रंग असू द्यावा, त्याच्यामुळेच बाकीचे उबदार वाटतात. भिंत फिकट राहिली की त्यावर गडद तपकिरी अक्षरं उठून दिसतात.

मजकूर कुठल्याही मांडणीत नंतर, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घालावा. देवनागरी जोडाक्षरं चित्रातच मागवली तर ती मोडण्याचा संभव बराच आहे. इथे भिंतीची मांडणी पुन्हा सोयीची पडते. कार्ड 5 इंच रुंद आणि 7 इंच उंच धरलं आणि चौकट प्रत्येक बाजूला सव्वा इंच गेली, तर अक्षरांना रुंदी उरते अडीच इंच. ‘सेवानिवृत्तीनिमित्त’ आणि ‘हार्दिक’ एका ओळीत बसवताना अक्षरं बारीक करावी लागतात. भिंतीवर दोन्हीकडे अर्धा इंच सोडूनही चार इंच मिळतात, आणि खाली पंधरा-वीस जणांच्या सह्यांना जागा उरते.

छपाईला देताना हाच फरक कापण्यात जाणवतो. अनेक साधनं 1024 बाय 1536 पिक्सेलचं उभं चित्र देतात. ते 5:7 प्रमाणात आणायला उंचीतून सुमारे 100 पिक्सेल कापावे लागतात. भिंतीचे वरचे 100 पिक्सेल गेले तर कुणाला कळतही नाही. चौकटीचे गेले तर वरचा चष्मा अर्धा होतो, आणि छापखान्यात कडेने आणखी दोन-तीन मिलिमीटर कापले जातात ते वेगळेच. मिडजर्नीत `--ar 5:7` लिहून पहिलं कापणं टळतं, दुसरं टळत नाही. शिवाय 1024 पिक्सेल 5 इंचांत म्हणजे इंचाला जेमतेम 205 पडतात. जलरंगी चित्राला ते चालून जातं, बारीक रेघांच्या वस्तूंना तेवढं चालत नाही, म्हणून छापण्याआधी चित्र मोठं करून घेतलेलं बरं.

तरीही चौकट कधी घ्यावी? मजकूर दोन-तीन ओळींचाच असेल, सह्या आतल्या पानावर असतील, आणि त्या माणसाच्या कामातल्या आठ-दहा वस्तू दाखवायच्याच असतील, तेव्हा चौकट जास्त शोभते. फक्त तेव्हाही ‘मोकळी जागा’ मागू नये. ‘मलई रंगाच्या मोठ्या कोऱ्या कागदाच्या कडेने मांडलेल्या वस्तू’ असं लिहावं आणि जलरंगाऐवजी सपाट रंग मागावेत, म्हणजे मध्ये काही उगवलंच तर ते डाग न ठेवता पुसता येईल.