झाडं ओळखणारं अ‍ॅप आणि गडग्याकडचा टाकळा: सात महिन्यांचा अनुभव

फोटोवरून झाड ओळखणारं अ‍ॅप मी जूनमध्ये घेतलं, ते टाकळ्याच्या भाजीसाठी. रत्नागिरीजवळ आमच्या घरामागे, गडग्याच्या कडेला, पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो आणि त्याच्यातच कासविंदाही. कासविंद्याच्या बिया विषारी असतात, जनावरं आणि लहान मुलं दोघांनाही. म्हणून दोन्ही रोपांचे फोटो मी डिसेंबरपर्यंत काढत राहिले.

जूनमध्ये टाकळ्याचं रोप बोटभर होतं. खाली बियाची दोन गोल दलं आणि वर पहिलं पान, त्याला छोट्या पानांच्या दोनच जोड्या. अ‍ॅपने सांगितलं, भुईमूग! भुईमुगाच्या पानालाही दोन जोड्या असतात, त्यामुळे त्याचा दोष मी फार धरत नाही. पण पंधरा दिवसांनी त्याच रोपावर तीन जोड्यांची पानं आली, आणि उत्तर बदललं. संध्याकाळी काढलेल्या फोटोवर तर काहीच सांगता आलं नाही, कारण टाकळा अंधार पडू लागला की पानं मिटून घेतो.

फुलं आल्यावर अ‍ॅप दोन्ही झाडांना ठामपणे टाकळा म्हणू लागलं, आणि माझा विश्वास तिथेच उडाला. दोघांची फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची. आपल्याला वाटतं फूल दिसलं म्हणजे ओळख पटली, पण या जोडीत फूलच सगळ्यात कमी सांगतं. शेंगा आल्यावर मात्र घोळ मिटला: टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली, कासविंद्याची चपटी, कडा फिकट. पण भाजी खुडायची जूनमध्ये, शेंगा येतात पावसाळा सरता सरता.

मग रोपावरच खात्री कशी करायची? पान उलटसुलट करून देठ बघा. टाकळ्यात छोट्या पानांच्या खालच्या जोड्यांच्या मध्ये दांड्यावर टाचणीच्या टोकाएवढी उभी गाठ असते. कासविंद्यात ती गाठ देठाच्या अगदी तळाशी, खोडाजवळ असते, आणि पानांची टोकं टोकदार. टाकळ्याची टोकं गोलसर. गाठीची जागा रोपापासून शेंगेपर्यंत बदलत नाही. वासावर जाऊ नका, चुरडल्यावर दोन्ही उग्र लागतात.

अडचण एवढीच की ती गाठ लांबून काढलेल्या फोटोत दिसतच नाही. मी आता पूर्ण रोपाचा एक आणि देठाचा जवळून एक असे दोन फोटो काढते, आणि दोन्हींचं उत्तर जुळलं नाही तर रोप तसंच ठेवते. अ‍ॅप मी काढून टाकलेलं नाही. शेंगा असलेल्या झाडाला ते अजून एकदाही चुकलेलं नाही. पण टोपलीत काय घालायचं ते मी आधी देठ बघूनच ठरवते.